निबंध त्याचा, शेरा तुमचा

पत्र: मी नववीला भाषा शिकवते. निबंधाचा पहिला खर्डा मनापासून तपासते. जिथे वाक्य फसलंय तिथे वर लाल पेनाने नीट वाक्य लिहून देते. एका निबंधाला वीसेक मिनिटं जातात आणि वर्गात चाळीस मुलं आहेत. मुलं माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवून काढतात आणि पुढच्या निबंधात पुन्हा त्याच चुका करतात. परवा एक मुलगा म्हणाला, “बाई, हा आता तुमचाच निबंध झाला.” मग मी नुसते शेरे लिहून पाहिले: ‘मुद्दा स्पष्ट कर’, ‘विस्तार कर’. तर काय करायचं तेच मुलांना कळेना. वाक्य लिहून न देता, पण काय करायचं ते कळेल, असं लिहायचं तरी कसं? – एक शिक्षिका

उत्तर: तुमचे दोन्ही प्रयोग एकाच जागी अडले आहेत. तुम्ही वाक्य लिहून दिलंत तेव्हा मुलाला उत्तर मिळालं, पण आधीच्या वाक्यात बिघडलं काय होतं ते कळलं नाही. ‘स्पष्ट कर’ लिहिलंत तेव्हा हुकूम मिळाला, आणि बिघडलं काय ते तेव्हाही कळलं नाही. वाचताना तुम्ही नेमक्या कुठे आणि का अडखळलात, ही गोष्ट दोन्ही वेळा तुमच्याच डोक्यात राहिली. शेऱ्यात उतरायला हवी ती हीच गोष्ट.

हे नुसतं सांगून उपयोग नाही, म्हणून एक परिच्छेद घेऊ. विषय आहे ‘गृहपाठ असावा की नसावा?’ तुमच्या गठ्ठ्यात असे पाच-सहा तरी सापडतील.

*“गृहपाठामुळे मुलांवर खूप ताण येतो. आजकाल सगळीच मुले तणावात आहेत. तसेच खेळ हा आरोग्यासाठी चांगला असतो. खेळामुळे शरीर व मन दोन्ही निरोगी राहते. काही मुलांना गृहपाठ आवडतो पण ते चुकीचे आहे. म्हणून गृहपाठ नसावा.”*

लाल पेन हातात असेल तर इथे काय होतं? ‘तसेच खेळ हा’ यावर काट बसते आणि वर छानसं वाक्य येतं: ‘गृहपाठात जाणारा वेळ खेळाला मिळाला तर मुलांचा ताण कमी होईल.’ वाक्य उत्तम आहे. पण त्यातला सगळ्यात अवघड भाग कोणता? गृहपाठ आणि खेळ यांना जोडणारा ‘वेळ’ हा दुवा. मुलाच्या परिच्छेदात तो कुठेही नाही. तो शोधायचं काम त्याच्या वाटणीचं होतं आणि ते तुम्ही उरकून टाकलंत. त्याच्यासाठी उरलं फक्त उतरवून काढणं.

शिवाय, त्याला हेच म्हणायचं होतं कशावरून? कदाचित त्याच्या मनात असेल की गृहपाठाने आलेला शीण खेळल्यावर जातो. तसं असेल तर गृहपाठ नसावा असं त्यातून ठरत नाही, आणि मग त्याचा शेवटच डळमळतो. किंवा खेळाबद्दलची दोन वाक्यं दुसऱ्याच एका निबंधातून पाठ होती म्हणून इथे येऊन बसली असतील. या तिन्ही शक्यतांना वेगवेगळी दुरुस्ती लागते. लिहून दिलेलं वाक्य त्यातली एकच निवडतं, तीही त्याला न विचारता. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1982 मध्ये शिक्षकांच्या शेऱ्यांवर लिहिलं तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हीच होती: शेरे वाचता वाचता विद्यार्थ्याचं लक्ष आपल्याला काय म्हणायचंय यावरून उडतं आणि शिक्षकाला काय हवंय याकडे वळतं. तुमचा तो मुलगा एका वाक्यात तेच सांगून गेला.

आता त्याच जागी हा शेरा बघा. ‘तसेच’ या शब्दाखाली रेघ, आणि समासात:

*“इथपर्यंत मी गृहपाठ आणि ताण यांबद्दल वाचत होते. इथे एकदम खेळ आला आणि त्याचा आधीच्या वाक्यांशी संबंध मला लागला नाही. तुझ्या मनात तो संबंध काय आहे? एक-दोन वाक्यांत इथेच लिही. संबंध नसेल, तर खेळाचा भाग काढलास तरी चालेल.”*

यात काय काय आहे ते सुटं करून पाहू. पहिल्या वाक्यात वाचक कुठवर नीट आला ते आहे. दुसऱ्यात तो कुठे आणि कशामुळे अडला ते. मग काम, त्याच्या आकारासकट: ‘एक-दोन वाक्यं’, ‘इथेच’. आकार न सांगितला तर मुलं एकतर तीन शब्द घुसवतात नाहीतर अख्खं पान नव्याने लिहितात. आणि शेवटी दुसरी वाट. ती वाट फार महत्त्वाची, कारण निर्णय त्याचा आहे हे त्यातूनच त्याला कळतं. दुवा कोणता असावा, याचा मात्र शेऱ्यात कुठेही सुगावा नाही. ‘वेळेचा विचार कर’ एवढं जरी लिहिलं असतंत तरी तुमचं वाक्य मागच्या दाराने आत आलं असतं.

हा शेरा वाचून मुलगा काय लिहील? असं काहीसं: *“शाळेतून आल्यावर दोन तास गृहपाठात जातात. मग अंधार पडतो. खेळायला खाली कोणीच नसते.”* ‘तसेच’ गेलं, दुवा आला. आणि ‘मग अंधार पडतो’ हे तुमच्या पेनातून कधीच आलं नसतं. वाक्यं थोडी तुटक आहेत, असू देत. दुसऱ्या एखाद्या मुलाने खेळाचा भाग सरळ काढून टाकला आणि ताणाबद्दलच नीट लिहिलं, तर तीही पूर्ण दुरुस्तीच समजा.

‘सगळीच मुले तणावात आहेत’ यावर तुम्ही बहुधा ‘अतिशयोक्ती’ असा एक शब्द लिहिला असता. तो शब्द चुकीला नाव देतो, पण वाचकावर काय परिणाम झाला ते सांगत नाही. त्याऐवजी: *“‘सगळीच’ वाचल्याबरोबर मला तणाव नसलेली मुलं आठवायला लागली आणि तुझ्या मुद्द्यावरचं लक्ष उडालं. तू स्वतः पाहिलेलं काय आहे? एका मुलाचं, एका संध्याकाळचं लिहिलंस तरी पुरे.”* आणि ‘ते चुकीचे आहे’ यावर: *“उलट मत असणारी मुलं आहेत हे तू मान्य केलंस, ते ठेव. पण त्यांना गृहपाठ का आवडत असेल, हे मला कळलं नाही, म्हणून ‘चुकीचे’ पटत नाही. त्यांचं एक कारण लिही आणि मग त्याला उत्तर दे.”*

प्रश्न विचारताना एक जपा. सगळेच प्रश्न कामाचे नसतात. ‘असं का?’ एवढंच लिहिलं की मुलाला तो राग वाटतो. ‘हे पटण्यासारखं आहे का?’ याचं उत्तर तो मनात ‘नाही’ असं देतो आणि पुढे जातो. आणि ‘हे वाक्य आधी घेतलं तर बरं नाही का वाटणार?’ हा तर प्रश्नाचा सदरा घातलेला हुकूम आहे. कामाचा प्रश्न तो, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही आणि जे उत्तर निबंधात लिहिलं की निबंध सुधारतो. ‘तुझ्या मनात तो संबंध काय आहे?’ हा तसा प्रश्न आहे.

शेरा लिहून झाला की त्याची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत आहे. निबंध हाताने झाका आणि फक्त शेरा वाचा. तो गठ्ठ्यातल्या कुठल्याही वहीत चिकटवता येत असेल, तर तो या निबंधाबद्दल काही सांगतच नाही. ‘विस्तार कर’, ‘मांडणी सुधार’, ‘छान’, ‘उदाहरणं दे’ हे सगळे या परीक्षेत नापास होतात. हो, ‘छान’सुद्धा. ‘इथे उलट बाजू घेतलीस ते ठेव’ ही शाबासकी त्याच्या उपयोगाची आहे, कारण दुसऱ्या खर्ड्यात काय हलवायचं नाही ते तिने कळतं. काय ठेवायचं हे सांगितलं नाही, तर मुलं चांगला भागही पुसून टाकतात.

आता शुद्धलेखन. पत्रात तुम्ही ते वेगळं काढलेलं नाही, पण वीस मिनिटांतली निम्मी त्यातच जात असावीत असा माझा कयास आहे. वरच्या परिच्छेदात ‘शरीर व मन दोन्ही निरोगी राहते’ असं आहे. तिथे ‘राहतात’ हवं. तुमचा हात आपोआप तिकडे जाईल. पण जरा थांबा. हे वाक्य खेळाच्या भागातलं आहे आणि त्याच्याच शेजारी तुम्ही लिहिताय की संबंध नसेल तर हा भाग काढ. म्हणजे एक शेरा सांगतो हे वाक्य दुरुस्त कर, आणि दुसरा सांगतो हे बहुधा राहणारच नाही. मूल यातलं सोपं काम निवडतं. ‘राहते’चं ‘राहतात’ करतं आणि काम झालं असं समजतं. सॉमर्स यांनी नोंदवलेली दुसरी अडचण नेमकी हीच होती.

म्हणून पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाला हात लावू नका. अपवाद फक्त त्या चुकीचा, जिच्यामुळे अर्थच लागत नाही. पालक किंवा वरिष्ठ म्हणतील की चुका तशाच सोडल्यात, वही तपासलीच नाही. त्यावर उपाय म्हणून वहीच्या वर एक ओळ लिहा: ‘या वाचनात फक्त मुद्दे आणि त्यांचा क्रम पाहिला आहे. शुद्धलेखन पुढच्या खर्ड्यात.’ एवढ्याने मुलालाही कळतं की आज कशावर बसायचं आहे.

पुढच्या खर्ड्यातही चुका तुम्ही दुरुस्त करू नका. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त एक बारीक खूण करा. ओळीत दोन चुका असतील तर दोन खुणा. चूक कोणती ते सांगायचं नाही. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकी प्राध्यापकाने 1983 मध्ये ही पद्धत मांडली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना नुसत्या खुणेवरून आपल्या सुमारे 60 टक्के चुका स्वतःच सापडल्या आणि सुधारता आल्या. तुमची मुलं लहान आहेत, तेव्हा हाच आकडा धरून बसू नका. पण त्यामागचं कारण वयावर अवलंबून नाही: बऱ्याच चुका नियम माहीत नसल्याने होत नाहीत, लक्ष नसल्याने होतात. अशी चूक शोधून काढणं हाच तिच्यावरचा इलाज. खूण करूनही ज्या सापडत नाहीत त्या खऱ्या न येणाऱ्या चुका. त्यातला एकच प्रकार निवडा आणि तेवढा शिकवा.

किती शेरे लिहायचे? दीड-दोन पानांच्या निबंधाला समासात तीन, फार तर चार. त्याहून जास्त झाले की मुलाला त्यातला मोठा कोणता आणि किरकोळ कोणता हे ओळखता येत नाही, मग तो वरून खाली एकेक ‘मिटवत’ जातो. तीनच लिहायचे तर निवडावं लागतं, आणि निवडायचं तर आधी पूर्ण निबंध पेन खाली ठेवून वाचावा लागतो. ही सवय लावून घेणं सगळ्यात जड जातं. पण पहिल्याच ओळीपासून पेन चालवलं तर पहिल्या परिच्छेदात सात शेरे आणि शेवटी, जिथे खरा घोळ आहे तिथे, दमलेलं एक प्रश्नचिन्ह, असं होतं. निवडताना क्रम असा ठेवा: निबंधाला एक म्हणणं आहे का, त्या म्हणण्याला आधार दिलाय का, भाग एकमेकांना जोडलेत का. पहिल्यातच अडचण असेल तर बाकीच्या दोहोंवर आज काही लिहू नका. म्हणणंच बदललं तर आधारही बदलणार.

शेवटी चार-पाच ओळींचा एक एकत्र शेरा लिहा. समासातले शेरे तिथे पुन्हा लिहायचे नाहीत, ते एकमेकांशी कसे जोडलेत ते सांगायचं. या निबंधासाठी तो असा होईल:

*“गृहपाठ नसावा हे तुझं म्हणणं मला सुरुवातीपासून कळलं, आणि उलट मत असणाऱ्यांची तू दखल घेतलीस. अडचण अशी की ‘ताण’, ‘खेळ’ आणि ‘आवड’ हे तीन मुद्दे शेजारी-शेजारी उभे आहेत, एकातून दुसरा निघत नाही. म्हणून शेवटच्या ‘म्हणून’ला जोर येत नाही. आधी ‘तसेच’जवळचा शेरा सोडव. तो सुटला की बाकीचे दोन पुन्हा वाच, कदाचित ते सोपे झालेले असतील.”*

‘आधी कुठून सुरू कर’ हे सांगायला विसरू नका. चाळीसपैकी तीस मुलं सगळ्यात सोप्या शेऱ्यापासून सुरू करतात आणि अवघड शेऱ्याशी पोहोचेपर्यंत तास संपतो.

या खर्ड्यावर गुणही देऊ नका. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना शेरे आणि गुण दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. दहापैकी सहा दिसले की मुलाच्या लेखी तो निबंध संपला. गुण द्यावेच लागत असतील तर शेवटच्या खर्ड्यावर द्या.

आता वेळेचा हिशेब. वीस मिनिटांनी चाळीस निबंध म्हणजे 13 तास 20 मिनिटं. या पद्धतीने सुरुवातीला तेवढाच वेळ जाईल, कारण वाक्य दुरुस्त करण्यापेक्षा ते का अडलं हे शब्दांत मांडणं अवघड असतं. हात बसला की दहा मिनिटांवर येतं, म्हणजे 6 तास 40 मिनिटं. तेही कमी नाही. म्हणून गठ्ठ्यातले पहिले दहा निबंध नुसते वाचा. जी अडचण त्यातल्या सहांत दिसते ती कोणाच्याच वहीत लिहू नका. फळ्यावर एक बनवलेला परिच्छेद घेऊन सगळ्या वर्गाला एकदाच दाखवा, आणि वहीत फक्त ‘फळ्यावरचा मुद्दा, परिच्छेद 2’ एवढं लिहा. वरच्या परीक्षेत हा शेरा नापास होतो खरा, पण त्याचा अर्थ वर्गात आधीच पोहोचलेला असतो.

वह्या परत देताना शेवटच्या मिनिटाला वाटू नका. वर्गातच पंधरा मिनिटं द्या आणि मुलांना प्रत्येक शेऱ्याखाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायला सांगा: ‘बाईंना इथे काय कळलं नाही?’ ज्याला ही ओळ लिहिता येत नाही त्याला शेरा कळलेला नाही. तो घरी जाऊन गोंधळण्यापेक्षा तिथेच तुम्हाला विचारेल. दुसऱ्या खर्ड्याबरोबर आणखी तीन ओळी मागा: काय बदललं, का बदललं, आणि कुठला शेरा मानला नाही व का. शेरा न मानायची मुभा खरी असली पाहिजे. सकारण नाकारलेला शेरा म्हणजे मुलाने विचार केला याचा पुरावाच.

पद्धत चालतेय की नाही, हे दोन्ही खर्डे शेजारी ठेवले की दिसतं. बिघाड ओळखायला तीन खुणा आहेत. जिथे शेरा होता तिथलं वाक्य नुसतंच गायब झालेलं असेल, तर मुलाला तो शेरा आरोप वाटला. शेऱ्यात ‘हे ठेव’ आणि वाचकाची अडचण कमी पडली, दोष जास्त झाला. शेऱ्यातलेच शब्द निबंधात आलेले असतील, म्हणजे ‘इथे संबंध असा आहे की’ अशी सुरुवात असेल, तर तो तुम्हाला उत्तर देतोय, वाचकासाठी लिहीत नाहीये. ही चूक लहान आहे, तोंडी सांगून जाते. आणि बदल फक्त शेऱ्यांच्याच ओळींत झाले असतील, त्यामुळे पुढच्या वाक्यांना जो धक्का बसायला हवा तो बसलेलाच नसेल, तर त्याने पूर्ण निबंध पुन्हा वाचलेला नाही. वरच्या मुलाने ‘मग अंधार पडतो’ लिहिलं आणि तरी खाली ‘खेळामुळे शरीर व मन’ तसंच राहिलं, तर ते हे. अशा वेळी नवा शेरा नको. निबंध मोठ्याने वाचायला लावा, कुठे अडखळतोय ते त्याचं त्यालाच ऐकू येतं.

एका ठिकाणी मात्र लिहून द्यावंच लागतं. काही मुलांना दोन वाक्यांत दुवा कसा घालतात हेच माहीत नसतं. त्यांना कितीही प्रश्न विचारले तरी हातात काही लागत नाही. भाषा नव्याने शिकणाऱ्या मुलांचं वाक्प्रचारांच्या बाबतीत तसंच होतं, कारण ‘लक्ष देणे’ बरोबर आणि ‘लक्ष करणे’ चूक हे विचार करून सापडत नाही. वाक्प्रचार सरळ सांगून टाका. दुव्यासाठी नमुना द्या, पण दुसऱ्या विषयावरचा: *“पाऊस उशिरा आला. पाऊस उशिरा आला म्हणून पेरणी लांबली, आणि पेरणी लांबली म्हणून पीकही उशिरा हाती आलं.”* खाली लिहा: ‘इथे प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातला एक शब्द उचलतं. तुझ्या ताणाच्या आणि खेळाच्या वाक्यांत असं करून बघ.’ नमुना पावसाचा आहे, त्यामुळे उतरवून काढायची सोयच नाही.

सध्याचा लाल झालेला गठ्ठा परत मागवू नका. पुढच्या निबंधाला चाळीसच्या चाळीस वह्यांवर हे एकदम करायलाही जाऊ नका, तिसऱ्या वहीनंतर हात जुन्या वळणावर जाईल. आठ वह्या निवडा, पेन्सिलीने लिहा, आणि ‘हा तुमचाच निबंध झाला’ म्हणणाऱ्या मुलाची वही त्यात घ्या. शेरे लिहून झाले की त्याला विचारा, यातल्या कुठल्या ओळीने काय करायचं ते कळलं आणि कुठल्या ओळीने नाही. न कळलेली ओळ त्याच्यासमोरच खोडून दुसरी लिहा.